गोळी एक, बिल दुसरंच!

मॉलमधून घेतलेल्या जीन्सचं बिल आपण महिनाभर पाकिटात सांभाळतो. न जाणो, साइज बदलावी लागली तर! हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज दिसला की लगेच भुवया वर जातात. मेडिकलचं बिल मात्र दुकानाच्या पायरीवरच चुरगळून बॅगेच्या तळाशी जातं. फार तर टोटल बघायची, कार्ड स्वाइप करायचं आणि निघायचं. ऑफिसच्या रिइम्बर्समेंटला लागणार असेल तर इस्त्री केल्यासारखं जपायचं, नाही तर गेलं कचऱ्यात.

मंडळी, या आठवड्यात तोच कागद जरा उलगडून बघूया. त्यावर तीन-चार बारीक कॉलम असतात: बॅच, एक्सपायरी, एमआरपी आणि कुठे तरी कोपऱ्यात एच किंवा एच१ असं एखादं अक्षर. ते वाचता आले की समजतं की दुकानदाराने 'काय विकलं असं लिहिलंय'. आता पिशवीतली स्ट्रिप काढून शेजारी धरा. तिच्यावरून समजतं की 'खरंच काय दिलंय'. या दोन गोष्टी एकच असाव्यात, एवढीच आपली अपेक्षा. बहुतेक वेळा त्या एकच असतात. पण नसल्या, तर सांगणारं दुसरं कुणी नसतं.

बॅच म्हणजे गोळीचा रोल नंबर

आधी बॅच. कारखान्यात एकाच वेळी, एकाच कच्च्या मालातून निघालेल्या औषधाच्या लॉटला एक नंबर देतात. त्या लॉटमधल्या प्रत्येक स्ट्रिपवर आणि बाटलीवर तोच नंबर छापला जातो. औषधाचं नाव हजारो स्ट्रिप्सवर सारखंच असतं. त्यातली तुमच्या हातातली नेमकी कुठल्या लॉटची, हे फक्त बॅच नंबर सांगतो.

याने काय फरक पडतो? ऑक्टोबर २०२५ आठवा. मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात मुलं खोकल्याच्या औषधाने दगावली. तमिळनाडूत बनलेलं कोल्ड्रिफ नावाचं सिरप होतं ते. तपासणीत त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघालं. वीसहून अधिक मुलं गेली. महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लोकांना सावध केलं. त्या सूचनेत औषधाच्या नावासोबत बॅच नंबर होता: एसआर-१३. उत्पादन मे २०२५, एक्सपायरी एप्रिल २०२७.

आता ती बाटली कुणाच्या तरी घरी फ्रिजवर ठेवलेली आहे असं समजा. एक्सपायरी? दीड वर्ष लांब. किंमत? छापील. सील? व्यवस्थित. सगळं ठीकच दिसणार. ही ती बाटली आहे की नाही, हे सांगणारी एकच गोष्ट तिच्यावर होती, बॅच नंबर. आणि बाटली फेकून दिली असेल, औषध मुलाच्या पोटात गेलं असेल, तर तोच नंबर शोधायची जागा म्हणजे बिल.

हे प्रकरण टोकाचं झालं. पण दिल्लीतली केंद्रीय औषध नियंत्रण संस्था, सीडीएससीओ, दर महिन्याला तपासणीत नापास झालेल्या औषधांची यादी जाहीर करते आणि तीही बॅच नंबरनिशीच असते. 'अमुक गोळी खराब' असं तिचं म्हणणं नसतं. 'अमुक गोळीची तमुक बॅच नापास' असं असतं. नंबर हाताशी नसेल तर ती यादी वाचून फक्त घाबरता येतं, बाकी काही करता येत नाही.

दुकानदाराने हे लिहायलाच हवं का? हो. औषध नियमांत प्रिस्क्रिप्शनवर विकलेल्या औषधाची नोंद ठेवावी लागते आणि शेड्यूल एच, एक्स किंवा सी मधल्या औषधाच्या नोंदीत उत्पादकाचं नाव, बॅच आणि एक्सपायरीही लागते. सी म्हणजे इन्सुलिन, लसी वगैरे. संगणकावरची बिलं आली तेव्हापासून हे सगळं तुमच्या कॉपीवरही आपोआप छापून येतं. त्यामुळे 'एस्टिमेट' असं लिहिलेल्या चिठोऱ्यावर नुसती नावं आणि आकडे टाकून कुणी दिलं तर ते बिल नव्हे. खऱ्या बिलावर दुकानाचं नाव, पत्ता, ड्रग लायसन्सचे नंबर आणि बिलाचा अनुक्रमांक असतो.

तीन ओळींचं बिल

आता एक खरंखुरं बिल घेऊया. २०२६ च्या जानेवारीत माझ्या फ्लॅटमेटला ताप आणि घशाचं इन्फेक्शन झालं होतं. पुण्यातलंच एक मेडिकल, क्लिनिकच्या खाली. नाव कशाला? त्या जागी कुठलंही असू शकलं असतं. बिलात तीन ओळी होत्या.

पहिली, सेफिक्झिम २०० ही अँटिबायोटिक, १० गोळ्यांची अख्खी स्ट्रिप. दुसरी, पॅन्टोप्राझोल ४०, म्हणजे ॲसिडिटीची गोळी, १५ च्या स्ट्रिपमधून कापून दिलेल्या पाच. तिसरी, पॅरासिटामॉल ६५०. त्या तिसऱ्या ओळीत काही भानगड नव्हती, म्हणून ती सोडून देऊ.

सेफिक्झिमचा बॅच नंबर बिलावर आणि स्ट्रिपवर अक्षर न् अक्षर एकच होता. हे तपासताना एक लक्षात ठेवा, इंग्रजी ओ आणि शून्य, तसंच आय आणि एक यांत गल्लत होते. टायपिंगमध्ये एवढा फरक पडला तर बोंब मारायची गरज नाही. अख्खा नंबरच वेगळा असेल तेव्हा थांबायचं.

पॅन्टोप्राझोलपाशी मात्र अडलं. बिलावर बॅच होती, एक्सपायरी १०/२०२७ होती. पण हातातल्या तुकड्यावर दोन्हीही नव्हतं! बहुतेक स्ट्रिप्सवर बॅच, तारीख आणि किंमत एका टोकाला ठोकलेली असते. पाच गोळ्या दुसऱ्या टोकाने कापल्या की ते टोक दुकानाच्या ड्रॉवरमध्येच राहतं. आपल्या हाती येतो नुसता चकचकीत तुकडा, त्यावर अर्धवट नाव.

आम्ही परत काउंटरवर गेलो. ती म्हणाली, "काका, ही ज्या पट्टीतून कापली ना, तिचं उरलेलं टोक दाखवता का जरा?"

काकांनी ड्रॉवर ओढला, दहा गोळ्यांची उरलेली पट्टी काढली, चष्मा वर केला आणि स्वतःच गप्प झाले. बॅच वेगळी. एक्सपायरी १२/२०२५. म्हणजे ३१ डिसेंबरलाच मुदत संपलेली. आम्ही उभे होतो २० जानेवारीला.

"सिस्टिममध्ये नवीन माल दिसतोय हो. पोराने ड्रॉवरमधली जुनी कापून दिली," काका म्हणाले. खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. मेडिकलमध्ये हे असंच घडतं. बिल बनवणारा स्क्रीनवरची बॅच निवडतो, औषध काढणारा हाताला येईल ती पट्टी उचलतो. बहुतेक वेळा दोन्ही बॅचेस चांगल्याच असतात, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. कापलेल्या पट्ट्या मात्र ड्रॉवरमध्ये मागे मागे सरकत जातात, आणि मुदत संपलेला माल सर्वांत जास्त सापडतो तो तिथेच. कंपनीकडे परत पाठवायला अख्ख्या पट्ट्या सोप्या, उरलेले तुकडे जिकिरीचे.

तर बघा, त्या ओळीत हिशेब पैशापर्यंत बरोबर होता. बिलावरची एक्सपायरी उत्तम होती. गोळ्या तेवढ्या दुसऱ्याच होत्या! मुदत संपल्यानंतर औषध विकायला तर सोडाच, विक्रीसाठी ठेवायलाही नियमात बंदी आहे. काकांनी नवीन पट्टीतून पाच कापल्या आणि या वेळी छापील टोकाकडून कापून दिल्या.

तेव्हा सुट्या गोळ्या घेताना ही सवय लावून घ्या. "छापलेल्या बाजूने कापून द्या" असं आधीच सांगायचं. दुकानदार कुरकुरला, कारण मग उरलेली पट्टी त्याच्याकडे बिननावाची राहते, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही, तर कापण्याआधी अख्ख्या पट्टीच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून घ्यायचा. दहा सेकंदांचं काम.

तारीख महिन्याची, की महिन्याअखेरची?

एक्सपायरीबद्दल दोन गैरसमज हमखास असतात. पहिला म्हणजे स्ट्रिपवर ०२/२०२७ असेल तर फेब्रुवारी उजाडला की औषध गेलं. तसं नाही. आपल्याकडे लेबलवर महिना आणि वर्ष छापतात आणि नियमानुसार त्याचा अर्थ त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत असा होतो. म्हणजे २८ फेब्रुवारी २०२७ पर्यंत ते चालतं.

दुसरा गैरसमज म्हणजे विकत घेताना तारीख उलटलेली नाही ना, एवढं बघितलं की झालं. अहो, पण औषध त्याच दिवशी संपणार आहे का? बाबांची बीपीची गोळी तुम्ही एकदम तीन महिन्यांची घेऊन गावी पाठवत असाल, तर तारीख तुमच्या शेवटच्या गोळीच्या पुढची हवी. बिलावर पाच-सहा पट्ट्या एकाच ओळीत असतील तर आणखी एक बघा. एकाच ओळीला एकच बॅच छापली जाते, पण पिशवीत दोन बॅचेसच्या पट्ट्या मिसळून आलेल्या असू शकतात. वरची एक पट्टी जुळली म्हणून सुटका नाही, पत्त्यांसारख्या सगळ्या पसरून बघायच्या.

आणि एक्सपायरी ही बंद पॅकची असते. डोळ्यांत घालायचे ड्रॉप्स उघडल्यावर सहसा महिनाभरच वापरायचे असतात, तसं बाटलीवर लिहिलेलं असतं. बिलावरची २०२८ ची तारीख तिथे काही कामाची नाही.

छापील किंमत, आणि तरीही जास्त

आता पैशांकडे वळू. एमआरपी म्हणजे सगळे टॅक्स धरून जास्तीत जास्त किंमत. बिलाच्या तळाला सीजीएसटी, एसजीएसटी असे आकडे दिसले तर ते एमआरपीच्या पोटातले असतात. एमआरपीवर वेगळा टॅक्स चढवून टोटल केली असेल तर सरळ विचारायचं.

सुट्या गोळ्यांचा हिशेबही सोपा आहे. औषधांच्या किमतींचा २०१३ चा आदेश, डीपीसीओ, सांगतो की सुट्या विकताना पट्टीच्या प्रमाणातच पैसे घ्यायचे. आमच्या पॅन्टोप्राझोलची १५ ची पट्टी १५७ रुपये ५० पैशांना, म्हणजे एक गोळी साडेदहा रुपयांना, पाच गोळ्यांचे ५२ रुपये ५० पैसे. बिलात तेवढेच होते. 'सुटी आहे म्हणून' साठ लावले असते तर ते चाललं नसतं.

खरी गंमत सेफिक्झिमच्या ओळीत होती. पट्टीवर उत्पादन ०६/२०२५, एक्सपायरी ०५/२०२७, छापील किंमत ११२ रुपये. बिलावरही एमआरपी ११२. जुळलं की! मग अडचण काय?

अडचण मधल्या एका तारखेची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कर्करोग आणि दुर्मिळ आजारांवरच्या काही औषधांवर तर तो शून्य झाला. किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या एनपीपीएने कंपन्यांना सांगितलं की त्या दिवसापासून एमआरपी कमी करा आणि नवीन दरांच्या याद्या दुकानदारांना द्या. पण बाजारात आधीच गेलेला माल परत बोलावून नवीन लेबल चिकटवण्याची सक्ती केली नाही. दुकानात नवीन दराने विक्री झाली म्हणजे पुरे. त्यामुळे त्याआधी बनलेल्या पट्टीवर जुनी किंमत छापलेली दिसू शकते आणि तरी ती जुन्या किमतीला विकता येत नाही! डीपीसीओचं वाक्य असं आहे की लेबलवरची किंमत आणि चालू दरयादीतली किंमत, यांतली जी कमी असेल तिच्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही. 'जी कमी असेल', हे तीन शब्द लक्षात ठेवा.

हिशेब करून बघू. ११२ रुपयांत १२ टक्के टॅक्स होता, म्हणजे मूळ किंमत १००. त्यावर ५ टक्के लावले की झाले १०५. आमच्या काकांच्या दुकानावर 'सर्व औषधांवर १०% सूट' असा बोर्ड होता. बिलात ११२ वर दहा टक्के कापून १०० रुपये ८० पैसे लावले होते. १०५ पेक्षा ते कमीच आहेत, त्यामुळे जास्त पैसे घेतले असं म्हणता येत नाही. पण १०५ वर दहा टक्के सूट असती तर ९४ रुपये ५० पैसे झाले असते. म्हणजे बोर्डवरची १० टक्के सूट प्रत्यक्षात निघाली चार टक्के! सूट न देणाऱ्या दुकानात सरळ ११२ लावले असते, तर ते मात्र नियमाबाहेर गेलं असतं.

इथे एक पथ्य पाळायचं. कंपनी मधल्या काळात किंमत बदलू शकते. ज्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं, त्यांची दर एप्रिलमध्ये घाऊक महागाईनुसार फेररचना होते. बाकीच्या औषधांची किंमत कंपनीला बारा महिन्यांत दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येते. म्हणून आपलं ११२ चं १०५ हे गणित म्हणजे फक्त संशय. पुरावा म्हणजे दरयादी. ती दुकानदाराकडे असायलाच हवी आणि मागितली तर दाखवायला हवी. मोबाइलवर बघायचं तर एनपीपीएचं 'फार्मा सही दाम' हे ॲप आहे. उत्पादनाची तारीख सप्टेंबर २०२५ च्या आधीची आणि किंमत छापील, असं दिसलं की विचारायचं, "काका, ही नवीन जीएसटीच्या हिशेबाने आहे का?" बस्स, एवढंच.

एच, एच१ आणि डॉक्टर 'सेल्फ'

शेवटचा कॉलम सर्वांत छोटा, आणि तरुण मंडळींच्या सर्वांत जास्त उपयोगाचा. औषधाच्या नावापुढे कधी एच, कधी एच१ असं छापलेलं असतं. हे त्या औषधाचं शेड्यूल, म्हणजे ते कोणत्या अटीवर विकता येतं त्याची यादी.

एच म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. पॅन्टोप्राझोल या यादीत आहे, अझिथ्रोमायसिनही आहे. हो, तेच, जे आपण घसा दुखला की 'तीन दिवसांचा कोर्स' म्हणून मित्राला विचारून घेतो. पट्टीवर डावीकडे वर 'आरएक्स' अशी खूण असते. एच१ ही १ मार्च २०१४ पासून लागू झालेली जास्त कडक यादी. तिच्यात आमचं सेफिक्झिम आहे, लिव्होफ्लॉक्सासिन आहे, टीबीची औषधं आहेत आणि अल्प्राझोलाम, झोल्पिडेमसारख्या झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्याही आहेत. त्यांच्या पट्टीवर आरएक्स लाल रंगात असतो आणि लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. दुकानदाराला त्यांची वेगळी वही ठेवावी लागते. त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहून ती तीन वर्षं जपावी लागते. याहून वरची यादी एक्स. तिथे चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक दुकानदार दोन वर्षं ठेवतो. आपल्या रोजच्या बिलात ती क्वचितच दिसते.

हे अक्षर स्ट्रिपशी कसं पडताळायचं? बिलात एच१ आणि पट्टीवर लाल चौकट, तर सगळं ठीक. बिलात अक्षर नाही आणि पट्टीवर चौकट आहे, तर दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते औषध चुकीचं भरलंय, किंवा तुम्हाला वेगळंच औषध दिलंय. नावं तर इतकी सारखी असतात! पॅन्टोप्राझोलच्या ब्रँडपुढे नुसतं 'डी' लागलं की त्यात डोम्पेरिडोन हे उलटीवरचं औषधही आलेलं असतं. बिलावर नाव जागेअभावी अर्धवट छापलं जातं आणि नेमकं शेपूटच उडतं. म्हणून ब्रँडचं नाव नाही, तर पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलेला घटक आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवायचे. "तेच आहे हो, कंपनी वेगळी" असं ऐकलं तर शेड्यूल एचच्या औषधात डॉक्टरला न विचारता असा बदल करायची नियमात परवानगी नाही, हेही ठाऊक असू द्या. कंपनी बदलल्याने तब्येतीला काही होईलच असं नाही. पण बदल झाला हे डॉक्टरला कळायला हवं.

आता बिलाच्या वर बघा. पेशंट: 'कॅश'. डॉक्टर: 'सेल्फ'. हसू येतं ना? आमच्याही बिलावर अगदी असंच होतं. चिठ्ठी मोबाइलवर दाखवली होती, पण नाव टाइप करायचा कंटाळा! एच१ च्या औषधापुढे 'डॉ. सेल्फ' लिहिणं म्हणजे नियमाच्या दृष्टीने ते चिठ्ठीशिवाय विकल्यासारखंच. त्याचा फटका आपल्यालाही बसतो. मेडिक्लेमचा क्लेम किंवा ऑफिसचं रिइम्बर्समेंट अडकतं ते याच जागी, कारण 'कॅश' नावाच्या माणसाचा विमा तुमच्या कंपनीने काढलेला नसतो. काकांनी बिल रद्द करून नवीन काढलं. या वेळी त्यावर फ्लॅटमेटचं नाव, डॉक्टरचं नाव, पॅन्टोप्राझोलची खरी बॅच आणि सेफिक्झिमचे ९४ रुपये ५० पैसे होते.

बिल काय सांगत नाही

इतकं सगळं जुळलं म्हणजे औषध अस्सल, असं मात्र समजू नका. नकली माल बनवणारा खऱ्या पट्टीवरचा बॅच नंबरच उतरवतो. बिल आणि पट्टी दोन्हींवर तोच नंबर येतो आणि सगळं सुरेख जुळतं. यावर थोडा उतारा म्हणजे क्यूआर कोड. १ ऑगस्ट २०२३ पासून बनलेल्या ३०० मोठ्या ब्रँड्सच्या पॅकवर तो असावा लागतो. स्कॅन केला की उत्पादक, बॅच, उत्पादनाची तारीख आणि एक्सपायरी दिसते. ती पट्टीवर छापलेल्या मजकुराशी जुळत नसेल तर गोळी घ्यायची नाही. जुळली तर शंका कमी झाली, पूर्ण गेली असं नाही.

गडबड सापडलीच तर आधी दुकानातच सांगा. दहातले नऊ जण निमूटपणे बदलून देतात. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे बिलावरचं वाक्य सदोष मालाला लागू होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं आणि बिलच न देणं, दोन्ही अनुचित व्यापारात मोडतं. दुकानदार ऐकत नसेल तर महाराष्ट्रात एफडीएचा टोल फ्री नंबर आहे १८००-२२२-३६५, आणि जास्त किमतीच्या तक्रारीसाठी एनपीपीएचा १८००-१११-२५५. फोन करताना ते पहिल्यांदा काय विचारतील? बिल नंबर आणि बॅच नंबर.

आणि एक शेवटचं. हल्लीची मेडिकलची बिलं बहुतेक थर्मल कागदावर असतात. एटीएमच्या स्लिपसारखीच ती दोन-तीन महिन्यांत कोरी होतात, उन्हात कारच्या डॅशबोर्डवर ठेवली तर आठवड्यात. म्हणून दुकानातून निघण्याआधी बिल खाली ठेवा, त्यावर पट्ट्या उलट्या करून मांडा, छापील बाजू वर, आणि एकच फोटो काढा. बॅच, तारीख, किंमत आणि लाल चौकट, सगळं एका फ्रेममध्ये. तुमच्या मोबाइलमधल्या शंभर सेल्फींमध्ये हा एक फोटो खपून जाईल!